अर्जदार, हुद्दा माजी

कर्वेनगरचा माणूस मागायला लाजतो असे कोणी म्हणणार नाही. पाव किलो भेंडी घेऊन मूठभर कोथिंबीर वर टाकायला लावणारे गृहस्थ मी शाहू कॉलनीत रोज पाहतो. सोसायटीच्या सभेत तो टँकर मागतो, दुकानदाराकडे सुटे मागतो, शेजाऱ्याकडे त्याचीच पार्किंगची जागा मागतो, आणि हे सगळे आवाज चढवून मागतो. पण त्याची नोकरी गेली आणि मुलीच्या शाळेत फीची सवलत मागायची वेळ आली, की हाच आवाज घशात अडकतो. मग तो एक तर काहीच मागत नाही, किंवा असे काही लिहितो की वाचणाऱ्याला वाटावे, याला फीची सवलत नको आहे, याला मोक्ष हवा आहे.

मी हे अधिकाराने सांगतो, कारण माझी नोकरी शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क म्हणून गेली. शाळेचे नाव सांगत नाही; माझ्या पेन्शनच्या कागदांवर तिचाच शिक्का आहे. मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाणारा प्रत्येक अर्ज आधी हेडक्लार्कच्या टेबलावर येतो. मुख्याध्यापक अर्ज वाचतात, क्लार्क अर्जदार वाचतो. निवृत्त झाल्यावर मी वाचायचे सोडून लिहायच्या बाजूला आलो, एवढाच फरक. आमच्या इमारतीत आता ‘अर्जवाले काका’ म्हणूनच मला ओळखतात. माझे खरे नाव फक्त वीजबिलावर उरले आहे.

खरे तर या भागात राहून मागायची लाज वाटणे हा स्थानमाहात्म्याचा अपमान आहे. ज्यांच्या नावाने हे नगर वसले ते अण्णासाहेब कर्वे जन्मभर मागतच हिंडले. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो इथे, तेव्हाच्या हिंगण्याच्या माळरानावर आणला. जागा रावबहादुर गोखल्यांनी दिली, झोपडी बांधायला पैसेही त्यांनीच दिले. अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि हिंगण्याला पायी जायचे यायचे. पुढे वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, १९३६ साली, खेड्यांतल्या शाळांसाठी त्यांनी मंडळ काढले आणि पुन्हा वर्गणीला दारोदार निघाले. गणिताचा मास्तर असल्यामुळे असेल, पण त्यांच्या मागण्यात आकडा असे, कारण असे आणि नंतर हिशेब असे. रडणे नसे. आज कमिन्स कॉलेज रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे, कोण जाणे.

आणि फीमाफी म्हणाल तर आमच्या पिढीला ती नवी नाही. तेव्हा तिला ‘नादारी’ म्हणत. पूर्ण नादारी, अर्धी नादारी असे तिचे प्रकार असत, आणि अर्धी नादारी मिळालेला मुलगा पूर्ण नादारीवाल्याकडे जरा वरून बघत असे. मग १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वर्षाला ९०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची फी माफ केली. पुढे ती मर्यादा १२०० झाली. तिला सगळे ‘ईबीसी’ म्हणत. घरोघरी ईबीसीचे फॉर्म भरले जात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे, कारण अर्धा वर्ग तोच फॉर्म भरत होता. आजची अडचण अशी, की वर्गात इतर कोणी भरत नाही असे प्रत्येकाला वाटते. क्लार्कला विचारा. कोण कोण भरते ते त्याला माहीत असते, पण तो सांगत नाही.

तर आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण राहतो. तरुण म्हणजे चाळिशीचा. पण आमच्या इमारतीचे सरासरी वय पाहता तरुणच. आयटीत होता. ऑगस्टच्या सुरुवातीला कंपनीने त्याला एका मीटिंगला बोलावले आणि महिनाअखेरीस तो मोकळा झाला. त्याच्या शब्दांत सांगायचे तर तो ‘इम्पॅक्ट’ झाला. मला आधी वाटले गाडी कुठे ठोकली. मुलगी सातवीत, इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेत. शाळा अनुदानित असती तर हा लेख जन्माला आला नसता, कारण तिथे शिक्षकांचा पगार सरकार देते आणि फी जवळजवळ नसतेच. विनाअनुदानित शाळेत पगार फीमधून निघतो. म्हणून सवलतीचा अर्ज आला की संस्थेच्या सचिवांच्या डोळ्यांपुढे अर्जदार दिसत नाही, त्याच्या मागे लागलेली रांग दिसते.

एका संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन खाली आला. म्हणाला, “काका, ड्राफ्ट केलाय, जरा बघता का?”

इंग्रजी मसुदा होता. सुरुवात अशी : ‘होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल. आय ॲम रीचिंग आउट टू एक्सप्लोर अ म्युच्युअली बेनिफिशियल फी ऑप्टिमायझेशन.’ खाली चार मुद्दे होते आणि प्रत्येकासमोर टिंब होते. शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू अ पॉझिटिव्ह क्लोजर.’

मी म्हटले, “अरे, हे वाचून मॅडमना वाटेल तू शाळा विकत घ्यायला निघालास.”

मग मी मराठी मसुदा मागितला. तो त्याच्या आईने सांगून लिहून घेतला होता. त्यात मुख्याध्यापिकाबाई साक्षात सरस्वती होत्या, शाळा कल्पवृक्ष होती, अर्जदार दीन होता, त्याचे कुटुंब ‘उघड्यावर पडले’ होते आणि त्याच्या वडिलांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा पूर्ण इतिहास होता. कुटुंब उघड्यावर पडले आहे हे मी बसलो होतो त्या तीन खोल्यांच्या फ्लॅटच्या बरोबर वर राहणारा माणूस लिहीत होता. अर्जाच्या शेवटी ‘आपला कृपाभिलाषी चरणरज’.

दोन्ही मसुदे शेजारी ठेवले तेव्हा मला आमच्या कार्यालयातली जुनी गोष्ट पुन्हा दिसली. आपला माणूस मराठीत अर्ज लिहिताना रडतो आणि इंग्रजीत लिहिताना रुबाब करतो. त्याच दिवशी, त्याच कारणासाठी, त्याच शाळेला. मुख्याध्यापिका इंग्रजी पान वाचणार, संस्थेचे सचिव मराठी पान वाचणार, आणि दोघे बैठकीत भेटल्यावर त्यांना वाटणार की दोन वेगळे पालक आहेत, एक कंगाल आणि एक आगाऊ.

तेवढ्यात त्याच्या मेहुण्याचा फोन आला. मेहुणा कायद्याचा अभ्यासक आहे, म्हणजे व्हॉट्सॲपवर. त्याने तिसरा मसुदा पाठवला होता. त्यात संविधानाचे अनुच्छेद होते, शासन निर्णय होते आणि खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून जिल्हाधिकारी, शिक्षण उपसंचालक आणि मुख्यमंत्री होते. राष्ट्रपती जागा न उरल्यामुळे सुटले असावेत.

इथे मला जरा थांबावे लागेल, कारण हा मसुदा सगळ्यांत घातक असतो आणि तो लिहिणाऱ्याला सगळ्यांत भारी वाटतो. मेहुण्याने आधार घेतला होता १२ ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयाचा, ज्यात खासगी शाळांच्या फीत १५ टक्के कपात सांगितली होती. निर्णय खरा आहे. पण तो करोनाकाळातल्या २०२१-२२ या एका वर्षापुरता होता. दुसरा आधार पंचवीस टक्के राखीव जागांचा. तोही खरा, पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातल्या त्या जागा शाळेच्या पहिल्या पायरीवरच्या प्रवेशासाठी आहेत, आणि आपल्याकडे आर्थिक दुर्बल घटकासाठी वर्षाला एक लाख उत्पन्नाची मर्यादा आहे. सातवीतल्या मुलीला त्या दारातून मागे नेऊन पुन्हा पहिलीत बसवता येत नाही. तिसरा आधार फी नियंत्रणाच्या २०११ च्या राज्य कायद्याचा. त्या कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला शाळेची फी मंजूर करायचा अधिकार दिला आहे. ती सगळ्यांची फी ठरवते, एकट्याची माफ करत नाही.

अर्जात चुकीचा कायदा घातला की काय होते ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिले आहे. संस्थेला उत्तर लिहिणे एकदम सोपे जाते. ‘आपण उल्लेखिलेला शासन निर्णय सदर शैक्षणिक वर्षास लागू नाही, सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ एक ओळ, एक शिक्का, चहा. तुमच्या नोकरीचा, मुलीचा, अडचणीचा त्यात विचारच होत नाही, कारण तुम्हीच वाद कायद्यावर नेऊन ठेवलेला असतो.

“मग कायदा काहीच कामाचा नाही?” मेहुणा स्पीकरवरून.

आहे ना. त्याच शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही आणि त्याला मानसिक त्रासही देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ३ मे २०२१ ला राजस्थानच्या शाळांच्या प्रकरणात सांगितले होते की ज्या पालकाला फी भरणे अवघड आहे त्याच्या अर्जाचा शाळेने एकेक प्रकरण म्हणून सहानुभूतीने विचार करावा. निकाल करोनाच्या वर्षाबद्दल होता, पण त्यातली वाट बघा. न्यायालयानेसुद्धा अर्जच करायला सांगितला. तेव्हा कायदा खिशात ठेवा, कागदावर नको. शाळेने उद्या मुलीला वर्गाबाहेर उभे केले तर तो काढा. त्या दिवशीचे पत्र वेगळे असेल आणि ते लिहायला मी स्वतः वर येईन.

मेहुण्याने फोन ठेवला. मुख्यमंत्री वाचले.

आता खरे काम. मी त्याला म्हटले, फीची पावती आण. सवलतीचा अर्ज लिहिणाऱ्या दहांतल्या आठांनी पावती नीट वाचलेली नसते. त्यांना एकूण रक्कम पाठ असते, कारण ती रात्री झोपेत दिसते. पण ती कशाची बनली आहे ते ठाऊक नसते. त्याची पावती अशी होती : शिकवणी शुल्क वर्षाला ७२,०००, सत्रशुल्क १२,०००, संगणक आणि उपक्रम मिळून १२,०००. एकूण ९६,०००, चार तिमाहींत, म्हणजे दर वेळी २४,०००. बस वेगळी.

यात कोणाच्या हातात काय असते ते समजून घ्या. बस ठेकेदाराची; तिचे पैसे मुख्याध्यापिका माफ करू शकत नाहीत, पण तुम्ही बस बंद करू शकता. कर्वेनगरात मावळे आळीपासून शाळेपर्यंत मुलगी सायकलने गेली तर बहुधा बसच्या आधी पोचेल. उपक्रम शुल्कातून बाहेरच्या लोकांना पैसे जातात, तिथे संस्था हात आखडते. खरी सवलत निघते ती शिकवणी शुल्कातून, आणि ती देण्याचा अधिकार मुख्याध्यापिकेचा नसतो, संस्थेच्या व्यवस्थापनाचा असतो. मुख्याध्यापिकेच्या हातात दोनच गोष्टी असतात : विलंब शुल्क न लावणे आणि तिमाहीचे मासिक हप्ते करून देणे. म्हणून अर्ज असा हवा की त्यांच्या अधिकारातले त्यांनी जागच्या जागी द्यावे आणि उरलेले शिफारस करून वर पाठवावे. वर पाठवायचा कागद एका पानाचा लागतो. दुसऱ्या पानावरचे गुडघे सचिव वाचत नाहीत.

“किती मागू?” त्याने विचारले.

हा प्रश्न विचारला म्हणजे अर्धा अर्ज झाला. बहुतेक जण ‘यथायोग्य सवलत द्यावी’ असे लिहितात. यथायोग्य म्हणजे किती ते व्यवस्थापन ठरवते आणि त्यांच्या मते यथायोग्य नेहमी शून्याच्या आसपास असते. दुसरे टोक म्हणजे संपूर्ण वर्षाची संपूर्ण माफी. ती मागितली की नकार देणाऱ्यालाही अपराधी वाटत नाही.

मग आम्ही वही घेऊन बसलो. त्याची बायको नोकरी करते. तिच्या पगारात घरखर्च आणि घरकर्जाचा हप्ता जेमतेम भागतो. दोन महिन्यांचा पगार कंपनीने जाताना दिलेला. तो लपवायचा विचार त्याच्या मनात येऊन गेला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. लपवू नकोस म्हटले. शाळेच्या पालकांत तुझ्या कंपनीतले तीन जण तरी असतील आणि सचिवांचा भाचा चौथा असेल. महिन्याला फीसाठी किती बाजूला काढता येतील, असे विचारल्यावर बायकोने त्याच्याकडे न बघता “पाच हजार” म्हटले. तो सात म्हणणार होता. अशा वेळी घरातल्या ज्या माणसाने किराणा आणलेला असतो त्याचा आकडा धरावा.

पाच हजार महिना म्हणजे तिमाहीला पंधरा. फी चोवीस. तफावत नऊ हजार. शिकवणी शुल्क तिमाहीला अठरा हजार, त्याचे निम्मे बरोबर नऊ. असा आकडा जुळला की क्लार्कच्या मनाला जे बरे वाटते ते सांगून कळायचे नाही. दोन तिमाहींसाठी मागायचे, म्हणजे एकूण १८,००० ची सवलत. त्यानंतर परिस्थिती पुन्हा कळवायची. मुदत घातली की सचिवांच्या डोळ्यांपुढची ती रांग जरा आखूड होते.

मग मराठी अर्ज असा झाला :

‘माननीय मुख्याध्यापिका यांस,

विषय : इयत्ता सातवीतील विद्यार्थिनीच्या दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीच्या शुल्कात सवलत आणि मासिक हप्ते मिळण्याबाबत.

महोदया,

माझी मुलगी आपल्या शाळेत बालवर्गापासून शिकत आहे. आजवरचे सर्व शुल्क मुदतीत भरले आहे. चालू वर्षाची पहिली तिमाहीही जूनमध्ये भरली आहे.

कंपनीने केलेल्या कपातीत माझी नोकरी ३१ ऑगस्टला संपली. कार्यमुक्तीचे पत्र सोबत जोडले आहे. मला दोन महिन्यांचे वेतन मिळाले असून ते नवी नोकरी मिळेपर्यंतच्या खर्चासाठी राखून ठेवावे लागत आहे. पत्नीच्या वेतनातून घरखर्च व घरकर्जाचा हप्ता भागतो.

प्रत्येक तिमाहीच्या २४,००० रुपयांपैकी शिकवणी शुल्क १८,००० रुपये आहे. त्यात निम्मी, म्हणजे ९,००० रुपयांची सवलत मिळावी अशी विनंती आहे. उरलेले १५,००० रुपये मी दरमहा ५,००० याप्रमाणे महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरीन. सवलतीचा निर्णय होईपर्यंत मासिक हप्त्यांना मान्यता द्यावी व विलंब शुल्क आकारू नये.

ही विनंती दोन तिमाहींपुरती आहे. १५ फेब्रुवारीला माझी परिस्थिती लेखी कळवीन. त्याआधी नोकरी मिळाल्यास लगेच कळवीन.

याबाबतचा पत्रव्यवहार माझ्याशी किंवा पत्नीशी व्हावा, मुलीमार्फत होऊ नये.

आपला नम्र’

आणि खाली सही. कृपाभिलाषी नाही, चरणरज नाही. त्याच्या आईने वाचले आणि म्हणाली, “फार कोरडे झाले हो.” मी म्हटले, आजी, आपल्याला मॅडमच्या डोळ्यांत पाणी आणायचे नाही, त्यांची सही आणायची आहे.

शेवटच्या वाक्याबद्दल दोन शब्द. फी थकली की बरेचदा निरोप मुलाच्या हातून येतो. वर्गात नाव वाचले जाते, नाही तर डायरीत चिठ्ठी येते. कोणी दुष्टपणाने करत नाही, सवयीने करतात. अर्जात ती ओळ असली की वर्गशिक्षिकेपर्यंत सूचना जाते. आमच्या कार्यालयात अशी ओळ फार थोड्या अर्जांत दिसे. जिथे दिसे तिथे मी तिच्याखाली लाल शाईने रेघ मारत असे.

इंग्रजी पान मग सोपे होते. त्याला स्वतःला वाटले इंग्रजीत अजून काही भारी घालता येईल. मी अट घातली : आकडे तेच, तारखा त्याच, परिच्छेद तितकेच. ‘माय एम्प्लॉयमेंट एन्डेड ऑन थर्टीफर्स्ट ऑगस्ट. आय रिक्वेस्ट अ कन्सेशन ऑफ नाइन थाउजंड रुपीज इन ईच ऑफ द नेक्स्ट टू क्वार्टर्स, अँड परमिशन टू पे द बॅलन्स इन मंथली इन्स्टॉलमेंट्स बाय द टेन्थ.’ एवढेच. ‘आय बेग टू स्टेट’ नाही आणि ‘रीचिंग आउट’ही नाही. एक साहेबाच्या काळातला मुजरा आणि दुसरा कंपनीतला. दोन्ही काढले की इंग्रजीसुद्धा माणसासारखे वागते. सही मात्र दोन्ही पानांवर करायची. आमच्याकडे एकदा दोन भाषांच्या अर्जांत सवलतीचे दोन आकडे आले होते. व्यवस्थापनाने मोठ्या मनाने लहान आकडा मान्य केला.

जोडायच्या कागदांवरून पुन्हा तासभर गेला. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडू का, असे त्याने विचारले. हा दाखला म्हणजे एक गंमत आहे. तो सरलेल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा असतो. म्हणजे आज बेकार असलेल्या माणसाने तो जोडला, तर सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध होते की याला गेल्या वर्षी भरपूर पगार होता. त्याऐवजी कार्यमुक्तीचे पत्र, शेवटची पगारपावती आणि फीच्या जुन्या पावत्या, एवढे पुरे. जुन्या पावत्या सगळ्यांत बोलक्या. वेळेवर भरणारा पालक असेल तर क्लार्क स्वतः फाइल वर ठेवतो.

वेळेचेही तसेच. दुसऱ्या तिमाहीची शेवटची तारीख १० सप्टेंबर होती. मी त्याला पहिल्याच आठवड्यात जायला सांगितले. तारखेआधी येतो तो अर्जदार. तारखेनंतर येतो तो थकबाकीदार. कागद तोच असला तरी दुसऱ्याला ट्रे वेगळा असतो.

जायच्या सकाळी तो खाली आला तेव्हा अगदी जुना शर्ट घालून आला. रिक्षाने जाणार म्हणाला. का, तर गाडी मोठी आहे, वॉचमनने पाहिली तर काय म्हणेल. मी त्याला परत वर पाठवून इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि गाडी ने म्हटले. गाडीचे कर्ज आहे हे वॉचमनलाही कळते, त्याच्या पोरालाही असेल. लपवायचेच असेल तर जुलैतल्या व्हिएतनामच्या सहलीचे फोटो आवर. शाळेच्या कार्यालयातला माणूस आधी पालकाचा डीपी बघतो आणि मग अर्ज.

भेट छान झाली. मॅडमनी चहा विचारला, ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “काळजी करू नका, बघू आपण.” तो हवेत तरंगत परत आला. “झालं काका काम!”

काही झालेले नव्हते. ‘बघू आपण’ हे वाक्य फीच्या संगणकाला ऐकू जात नाही. ११ तारखेला तो संगणक सगळ्या थकलेल्यांना आपोआप संदेश पाठवतो, विलंब शुल्क लावतो आणि यादी वर्गशिक्षिकेला देतो. मॅडमच्या मनात सहानुभूती आणि संगणकात थकबाकी, अशी अवस्था महिनोन्‌महिने टिकू शकते. मी त्याला विचारले, पोच घेतलीस का? दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का? त्याने घेतली नव्हती. बरे दिसले नसते म्हणाला. मॅडमनी चहा दिल्यावर शिक्का कसा मागायचा!

अहो, शिक्का मॅडमकडे मागायचाच नसतो. तो बाहेर क्लार्ककडे मागायचा असतो आणि क्लार्कला त्यात अपमान वाटत नाही. त्याचे कामच ते आहे. उलट आवक रजिस्टरमध्ये नोंद झालेला अर्ज हरवला तर त्याला उत्तर द्यावे लागते, म्हणून तो हरवत नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, पोच घेऊन आला, आणि संध्याकाळी आम्ही मॅडमना दोन ओळींची ईमेल पाठवली : काल झालेल्या भेटीबद्दल आभार, ठरल्याप्रमाणे १० तारखेला ५,००० रुपये भरत आहे, उरलेल्या रकमेबाबत व्यवस्थापनाच्या निर्णयाची वाट पाहतो. आणि १० ला खरोखर पाच हजार भरले. पैसे मागणाऱ्याने आधी पैसे भरले की समोरच्याला नाही म्हणायला फार अवघड जाते.

उत्तर दिवाळीच्या सुट्टीआधी आले. निम्मी सवलत व्यवस्थापनाने दिली नाही. शिकवणी शुल्कात पाव दिली, तिमाहीला ४,५००. मासिक हप्ते मंजूर, विलंब शुल्क नाही. म्हणजे तिमाहीला १९,५००, महिन्याला ६,५००. दीड हजार जास्तीचे कुठून आणायचे यावर वरच्या मजल्यावर त्या रात्री बरीच चर्चा झाली. आमच्या छताला सगळे ऐकू येते. शेवटी बस बंद झाली आणि दोन ओटीटी बंद झाले. त्यातला एक मेहुणा बघत होता, त्यामुळे त्याला पुन्हा कायदा आठवला.

मी मात्र पत्रातला एक शब्द त्यांना दाखवला. पत्रात ‘सवलत’ होते. पुष्कळदा शाळा ‘मुदत’ देते, आपण ती सवलत समजतो आणि मार्चमध्ये सगळी रक्कम एकदम समोर येते. खात्री करायची असेल तर पत्र वाचून थांबू नये. कार्यालयातून खात्याचा उतारा मागावा आणि त्यात सवलतीची रक्कम वजा होऊन बाकी खरोखर कमी झाली आहे का ते पाहावे. आम्ही मागितला. सप्टेंबरची सवलत वजा झाली होती, डिसेंबरची व्हायची राहिली होती. क्लार्कने माफी मागितली आणि तिथल्या तिथे दुरुस्त केली. चांगला मुलगा आहे. माझ्याच खात्याचा.

जानेवारीत त्याला नोकरी लागली. आधीपेक्षा कमी पगाराची, पण लागली. त्याने कबूल केल्याप्रमाणे शाळेला लगेच कळवले आणि चौथ्या तिमाहीपासून पूर्ण फी भरतो असे लिहिले. ते पत्र त्याने माझ्याकडे न येता स्वतः लिहिले, मराठीत, चार ओळींत, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घेऊन आला. सचिवांनी म्हणे ते पत्र बैठकीत वाचून दाखवले. सवलत बंद करा असे सांगणारा पालक त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

आता इमारतीत बातमी फुटली आहे आणि खालच्या मजल्यावरचे दोघे येऊन गेले आहेत. आणखी कोणाला यायचे असेल तर जरूर या. येताना फीची पावती, कार्यमुक्तीचे पत्र आणि किराणा आणणारे माणूस घेऊन या. मेहुण्यांना घरी ठेवा. आणि पेन स्वतःचा आणा. माझे दोन परत आलेले नाहीत.